रेटिंग बंद करताय? मग पहिल्याच मेलमध्ये या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपचं एचआर बघत होतो तेव्हाची गोष्ट. कामगारांच्या कामाला वर्षाला आकडा द्यायचं रेटिंग बंद, आता दर महिन्याला फीडबॅक, असा मेल मीच लिहून सगळ्यांना टाकला. एकही रिप्लाय नाही, म्हटलं चला, पटलं सगळ्यांना! दुपारी गेटबाहेर चहाच्या टपरीवर कळलं, लोकं म्हणत होती "रेटिंग काढलं म्हणजे इन्क्रिमेंट पण काढलं बघ." मेलवर प्रश्न आले नाहीत याचा अर्थ ते दुसरीकडं विचारले जातायत, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

चूक साधी होती. तीन पॅरा नुसते "मोकळा संवाद" आणि "विकास" यावर, आणि पगारवाढीचा शब्द कुठंच नाही. लोकांना आधी पैशाचं कळायला पाहिजे, बाकीचं नंतर. दुसऱ्या मेलचा विषयच असा टाकला: "एप्रिलची पगारवाढ होणार, ठरवायची पद्धत बदलतेय". आणि खाली लिहिलं: "तुमचे सुपरवायझर वर्षभराच्या नोंदींवरून पगारवाढ सुचवतील, प्लांट हेड सगळ्या विभागांच्या शिफारशी शेजारी ठेवून बघतील, आणि आकडा कशामुळं ठरला ते तुम्हाला समोर बसवून सांगतील." हे लिहायच्या आधी मालकांकडून नक्की करून घ्या बरं का, कारण मेलमध्ये रेटिंग बंद म्हणायचं आणि एचआरच्या एक्सेलमध्ये गुपचूप १ ते ५ आकडे टाकायचे, हे महिन्याभरात बाहेर फुटतंच.

दुसरी चूक, सुपरवायझरना मेल कामगारांबरोबरच गेला. शिफ्टला कुणीतरी विचारलं "साहेब, हे काय नवीन?" आणि साहेब म्हणाले "मला पण आत्ताच कळलं." झालं, विषय संपला. त्यांना दोन-तीन दिवस आधी बसवून सांगायला हवं होतं, कारण त्यांची भीती वेगळीच असते, वेळ कुठनं आणू. त्यावर "वेळ काढा" म्हणू नका, हिशोब मांडा. हाताखाली १२ माणसं, महिन्यातनं एकदा प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे महिन्याला ४ तास. कमी नाहीत, मान्य करा, आणि त्या बदल्यात मार्चमधले लांबलचक फॉर्म खरंच बंद करा. दोन्ही चालू ठेवलं तर फीडबॅकच मागं पडणार.

"कधीही, सतत फीडबॅक मिळेल" हे वाक्य पण नको. आम्हाला छान वाटलं होतं, लोकांना वाटलं आता रोज डोक्यावर उभे राहणार. त्यापेक्षा महिन्यातनं एकदा बसायचं, काय बोललो ते दोन-तीन ओळीत लिहायचं, ती नोंद माणसाला दाखवायची आणि पटलं नाही तर त्याचं म्हणणं खाली लिहू द्यायचं, एवढंच सांगा. नोंद कोण कोण बघणार तेही नावानिशी.

दुसऱ्या मेलला मात्र रिप्लाय आले, बहुतेकांचा एकच प्रश्न, सुपरवायझर मध्येच बदलला तर जुन्या नोंदींचं काय? ते आमच्या डोक्यातच नव्हतं. जुन्यानं जाताना नोंदी नव्याकडं द्यायच्या, माणसाला समोर बसवूनच, असं मग तिसऱ्या मेलमध्ये लिहावं लागलं.