वरून टिपायची रांगोळी: हात दिसावेत, डोकं नको

श्रावणातल्या आमच्या कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी वहिनीची रांगोळी मोबाइलवर घ्यायची ठरली. ओसरीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, पाठीवर आडवा बांबू आणि बांबूला होल्डरने अडकवलेला मोबाइल. पहिल्या व्हिडिओत रांगोळी कमी आणि वहिनीचा अंबाडाच जास्त दिसला. तिला सांगितलं तर म्हणाली, “मंग मनं डोकं कोठे ठेवू, भाऊ?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मांडी घालून बसलेली बाई हातभर लांब रेष ओढायला वाकली की तिचं डोकं रांगोळीवर येणारच. म्हणून आधी रांगोळीचं माप ठरवा. दीड फुटाच्या पुढे जाऊ नका. एवढ्या रांगोळीला मोबाइल जमिनीपासून सुमारे पावणेतीन ते तीन फुटांवर असला की पुरतो, म्हणजे खुर्चीच्या पाठीएवढी उंची. खुर्च्या डाव्या-उजव्या बाजूंना ठेवा, प्रत्येकीवर दोन विटा ठेवा आणि मोबाइल बांबूच्या पलीकडच्या अंगाला लावा, नाहीतर कपाळ बांबूला लागून सगळी चौकट हलते. रांगोळीही पलीकडून अलीकडे काढत यायची. त्याने हातही भरलेल्या रंगावर घासत नाही.

मोबाइल सरळ आहे का, ते डोळ्यांवर सोडू नका. खाली घडी घातलेलं वर्तमानपत्र ठेवा. त्याच्या कडा स्क्रीनच्या कडांना समांतर दिसल्या की झालं. चौकटीच्या चार कोपऱ्यांवर, अगदी कडेबाहेर, खडूने खुणा करून ठेवा, कारण नंतर स्क्रीन छताकडे असते आणि काढणारीला ती दिसत नाही.

जमीन शेणाने किंवा गेरूने सारवलेली असेल तर पूर्ण सुकू द्या. ओली जमीन चकाकते. सुकलेल्या गडद जमिनीवर दुसरी अडचण येते: मोबाइल चित्र आपोआप उजळ करतो आणि पांढरी रांगोळी नुसती पांढरीफटक होते, तिचे कण दिसत नाहीत. शिवाय हात आत आला की उजेड बदलतो, बाहेर गेला की पुन्हा बदलतो. वेग वाढवल्यावर हेच लुकलुकल्यासारखं दिसतं. उपाय सोपा आहे. जमिनीवर चिमूटभर पांढरी रांगोळी टाका, शेजारी हात धरा, स्क्रीनवर तिथेच बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा. श्रावणात ढग आला तर चित्र जरा काळवंडेल. ते चालतं, लुकलुक चालत नाही. अंगणातल्या उन्हात बसू नका, हाताची सावली रांगोळीवर नाचते. (अक्षयतृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, हे करणार असाल तर सकाळी आठच्या आत उरका. जळगावच्या उन्हात मोबाइल तापून मध्येच बंद पडतो.) पंखा बंद हवा, हे सांगायला नकोच.

आता वेग. मोबाइलमधला टाइम-लॅप्स मी वापरत नाही, साधा व्हिडिओ घेतो आणि नंतर पळवतो. का, ते आमच्याच रांगोळीवरून सांगतो. ती ‘सात ते चार’ ठिपक्यांची होती: मधल्या ओळीत ७, वर-खाली ६, ५, ४, असे मिळून ३७ ठिपके, दोन-दोन इंचांवर. ठिपक्यांना २ मिनिटं लागली, रेषांना ६, रंग भरायला १८ आणि शेवटी पांढऱ्या कडा पुन्हा ओढायला ४. एकूण अर्धा तास. सरसकट ६० पट पळवलं तर ३० सेकंदांचा व्हिडिओ होतो, पण त्यात ठिपके २ सेकंदांत संपतात आणि तब्बल १८ सेकंद नुसता रंग पडत राहतो. बघणाऱ्याला मात्र ठिपके मोजायचे असतात आणि रेष कुठून कुठे गेली, ते बघायचं असतं.

म्हणून व्हिडिओचे चार तुकडे करा. ठिपके २० पट पळवा, रेषा आणि कडा ३० पट, रंग ९० पट. मग ठिपक्यांना ६ सेकंद मिळतात, रेषांना १२, रंगालाही १२ आणि कडांना ८. ३८ सेकंदांत रांगोळी शिकताही येते. पूर्ण झालेली रांगोळी तीन सेकंद तशीच, हात नसताना, दिसू द्या. त्यासाठी शेवटचा हात काढल्यावर लगेच मोबाइलकडे धावू नका; मनात दहा मोजा, मग बंद करा.

रंग बदलताना मात्र वाट्या चौकटीबाहेर ठेवा. आमच्या व्हिडिओत गुलाबी वाटी दर दोन सेकंदांनी जागा बदलत होती आणि घरातली पोरं रांगोळी सोडून तिलाच हसत होती.