बक्षीसपत्र आणि कुलमुखत्यारपत्र करताना या चुका टाळा

दस्त लिहिण्याच्या कामात बसलेल्या माणसाला एक वाक्य नेहमी ऐकावं लागतं. "सही तं व्हई गयी ना भाऊ, नोंदणी नंतर करूत." केळी निघाली की, कापूस विकला की, मुंबईचा मुलगा सुट्टीला आला की. बक्षीसपत्राच्या बाबतीत मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक हीच आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

जमीन किंवा घर बक्षीस द्यायचं तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 123 लागतं. देणाऱ्याची सही, किमान दोन साक्षीदार आणि नोंदणी, तिन्ही हवंच. एक नसेल तर कागद कितीही जाड स्टँपपेपरवर असो, मालकी सरकत नाही. मुस्लिम कायद्यातला हिबा याला अपवाद आहे. तिथे देणं, स्वीकारणं आणि ताबा यांना महत्त्व आहे. बाकीच्यांनी नोटरीचा शिक्का घेऊन समाधान मानू नये, त्या शिक्क्याने बक्षीस होत नाही.

आता मुदत. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकापुढे सादर करायचा. उशिराचं पटेल असं कारण असेल तर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात, पण त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या वरच्या निबंधकाची परवानगी लागते. दंड नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत असू शकतो. त्यापुढे तो कागद नोंदवता येत नाही.

अमळनेर तालुक्यातल्या एका घरात हेच झालं. वडिलांनी, म्हणजे घरातल्या अण्णांनी, स्वकष्टाची दोन एकर बागायत धाकट्या मुलाला द्यायची ठरवली. 10 जूनला घरीच सही झाली, गावातल्या दोघांनी साक्ष केली. कागद अण्णांनी मुलाच्या हातात दिला आणि त्या दिवसापासून शेत तोच कसू लागला. पेरणी आटोपली की कार्यालयात जायचं ठरलं होतं. सप्टेंबरमध्ये अण्णा गेले. नोव्हेंबरमध्ये मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा 10 ऑक्टोबरची मुदत उलटून गेली होती.

देणारा मेला म्हणून बक्षीस आपोआप रद्द होत नाही. त्याच्या हयातीत ते स्वीकारलेलं असलं की घेणारा स्वतः दस्त सादर करू शकतो. तसा आम्ही उशीर माफीचा अर्ज दिला, दंड भरला. अडचण पुढे आली. सही करणारा हयात नसेल तर त्याच्या वारसांनी "ही सही त्यांचीच" असं कबूल करावं लागतं. शहाद्याला दिलेल्या बहिणीने सही नाकारली. नोंदणी कायद्याच्या कलम 35 प्रमाणे वारसाने नकार दिला की दुय्यम निबंधकाला नोंदणी नाकारावीच लागते. तिथे अधिकाऱ्याशी वाद घालून काही होत नाही.

मग तीस दिवसांच्या आत निबंधकाकडे अर्ज, तिथे चौकशी, साक्षीदारांचे जबाब. एक साक्षीदार कामासाठी सुरतला राहायला गेला होता, त्याला शोधून आणावं लागलं. दोघांनीही अण्णांनी आपल्यासमोर सही केल्याचं सांगितलं आणि नोंदणीचा आदेश झाला. नोंदणीनंतर बक्षीस 10 जूनपासूनच लागू झालं, कारण नोंदलेला दस्त त्याच कायद्याच्या कलम 47 नुसार सहीच्या तारखेपासून चालतो, नोंदणीच्या तारखेपासून नाही. मुलाला जमीन मिळाली, पण बहीण-भावाचं बोलणं बंद झालं. अण्णा स्वतः कार्यालयात येऊन अंगठा देऊन गेले असते तर सही नाकारायला जागाच उरली नसती.

घाई करायला हवी तिथे लोक रेंगाळतात आणि रेंगाळण्याला कारणही नसतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा लागतो, तो आधी विचारून घ्या. माझा शिरस्ता असा आहे की सही आणि नोंदणी एकाच दिवशी, एकाच कार्यालयात. देणारा आजारी, अंथरुणाला खिळलेला असेल तर अर्ज केल्यावर अधिकारी घरी येऊन सही कबूल करून घेतात, कायद्यात ती सोय आहे. ती न वापरता "बरे झाले की नेऊ" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

साक्षीदारांत एक गल्लत कायम होते. कार्यालयात ओळख पटवायला आलेली माणसं आणि दस्तावर साक्ष करणारे साक्षीदार या दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्यांचा अंगठा घेतला म्हणजे दोन साक्षी झाल्या असं नाही. साक्षीदार तरुण आणि गावात राहणारे घ्या, आणि "मी बक्षीस स्वीकारले" असं लिहून घेणाऱ्याचीही सही घ्या.

कुलमुखत्यारपत्राचा घोळ याच्या उलट आहे. तिथे लोक नोंदणीला नको तेवढं वजन देतात. एका कुटुंबात आई धुळ्याला, मुलगा पुण्याला. आईने मुलाला नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र दिलं आणि दीड वर्षाने ती वारली. मुलाने त्याच कागदावर प्लॉट विकायचा करार केला, खरेदीदाराने बयाणा दिला. "नोंदणीकृत आहे, सरकारी शिक्का आहे" एवढंच दोघांच्या डोक्यात. कराराच्या वेळी तो कागद मेलेला होता. देणारा माणूस गेला किंवा त्याला वेड लागलं की मुखत्यारी संपते, नोंदणी असो वा नसो. मुखत्याराचा स्वतःचाच हितसंबंध त्या मालमत्तेत असेल तर गोष्ट वेगळी, पण पैसे न घेता नात्यात दिलेल्या मुखत्यारीत तसं काही नसतं. इथे रीतसर वारस नोंद करून सगळ्या वारसांनी सही करणं हाच रस्ता होता. बयाणा परत करावा लागला.

म्हणून मुखत्याराकडून काही घेत असाल तर त्याच दिवशी मूळ मालकाशी फोनवर, शक्य असेल तर व्हिडिओवर बोला. मी तसं केल्याशिवाय दस्त तयार करत नाही.

मुखत्यारी म्हणजे विक्री नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. "खरेदीखत नको, जनरल मुखत्यारी देतो" म्हणणाऱ्याकडून प्लॉट घेऊ नका.

मुखत्यारपत्र नोंदवलंच पाहिजे असं कायद्यात सरसकट नाही. पण त्याच्या जोरावर दुसऱ्याचा दस्त सादर करायचा असेल, तर देणारा जिथे राहतो तिथल्या निबंधक कार्यालयात ते अधिकाऱ्यासमोर करून साक्षांकित झालेलं हवं. जळगावच्या जमिनीसाठी पुण्यात राहणाऱ्याने पुण्यातच जावं. परदेशातून येणारं मुखत्यारपत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांत स्टँप करून घ्या.

सर्वसाधारण मुखत्यारपत्रात "बक्षीस देण्याचा अधिकार" असे स्पष्ट शब्द नसतील तर मुखत्याराला बक्षीसपत्र करता येत नाही. विकण्याच्या अधिकारात बक्षीस बसत नाही.

शेतजमिनीच्या आधी सातबारा उघडून "भोगवटादार वर्ग 2" आहे का ते बघा, असेल तर परवानगी लागू शकते. नंदुरबार, साक्री, शिरपूरकडच्या आदिवासी जमिनीचं बक्षीस बिगरआदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही, नोंदणी झाली तरी व्यवहार टिकत नाही.

नोंदणी झाली की तिचा उतारा म्हणजे सूची क्रमांक 2 घेऊन ठेवा आणि फेरफाराची नोटीस निघाली का ते तलाठ्याकडे विचारा. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. फेरफाराला उशीर झाला तर घाबरू नका. मालकी नोंदवलेल्या दस्ताने आली आहे, सातबारा फक्त तिची नोंद ठेवतो.