एकाच वाड्यावरचा लघुप्रबंध: संशोधनपद्धतीच्या प्रकरणात या चुका टाळा

बेळगावच्या जुन्या वस्तीतल्या एका वाड्यावर लघुप्रबंध लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीने पद्धतीच्या प्रकरणात लिहिले होते: "हा वाडा दीडशे वर्षे जुना असून आपल्या संस्कृतीचे प्रतीक आहे, म्हणून त्याची निवड केली." वाड्याचे कौतुक हे निवडीचे समर्थन होत नाही, कारण शेजारच्या वाड्यालाही हेच वाक्य लागू पडते. तिचा प्रश्न वेगळाच आणि चांगला होता: जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिल्यावर पावसाळ्यातली ओल अधिक वर चढते का? या वाड्यात समोरच्या भिंतींचा चुन्याचा गिलावा शाबूत होता आणि मागच्या भिंतीला नंतर सिमेंट लावलेले होते. म्हणजे एकाच पावसात, एकाच जोत्यावर आणि एकाच छपराखाली दोन्ही गिलावे तपासता येत होते. दहा वेगवेगळी घरे घेतली असती, तर जमीन, छप्पर आणि वापर यांतले फरक त्यात मिसळले असते. खरे समर्थन हे होते आणि ते प्रबंधात कुठेच नव्हते.

वाडा तिच्या मामांचा होता, ही गोष्टही तिने गाळली होती. ओळखीमुळे प्रवेश मिळाला हे लिहिण्यात कमीपणा नाही. मात्र त्याच ओळखीपोटी देवघराच्या भिंतीला हात लावता आला नाही आणि मामांनी केलेल्या दुरुस्तीवर टीका करणे जड गेले, हेही त्याच परिच्छेदात यायला हवे.

सर्वांत जास्त घोळ वयाचा होतो. तिने दीडशे वर्षे हा आकडा घरच्यांच्या बोलण्यातून घेतला होता आणि त्याला आधार म्हणून सिटी सर्व्हेचा उतारा जोडला होता. उतारा मालकी सांगतो. त्यावरचे जुन्यात जुने साल हे नोंदीचे साल असते, बांधकामाचे नव्हे. छपरावर मंगळुरी कौले होती. तशा कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात 1865 मध्ये काढला, त्यामुळे हे छप्पर त्याआधीचे असू शकत नाही. आजी म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा हीच कौलं होती," आणि लग्नपत्रिकेवर साल होते 1958. छपराचा काळ असा 1865 ते 1958 यांच्या मध्ये बसतो. पण भिंतींचे काय? बाजूच्या त्रिकोणी भिंतीत माळ्यावरून पाहिले, तर जांभ्याच्या थरांत एक तिरपा सांधा दिसत होता आणि त्याच्यावरचे चिरे वेगळ्या मापाचे होते. आधीचे छप्पर कमी उताराचे होते, असा त्याचा अर्थ लागतो. भिंती छपराहून जुन्या आहेत. किती जुन्या, ते या पुराव्यावरून ठरत नाही, आणि प्रबंधात तेवढेच लिहावे.

कागदपत्रांबाबत आपल्या भागाची एक अडचण निराळी आहे. बेळगाव 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे एकाच घराचे जुने कागद मोडीत किंवा मराठीत आणि नंतरचे कन्नडमध्ये सापडतात. आपल्याला वाचता येतात तेवढेच कागद पाहून "उपलब्ध कागदपत्रे तपासली" असे लिहिणे चुकीचे आहे. कोणते कागद दुसऱ्याकडून वाचून घेतले, तेही नोंदवावे. (मोडी वाचणारा माणूस शोधायलाच महिना जातो, तो आधीच धरून ठेवावा.)

तिने वाड्याला पहिली भेट मे महिन्यात दिली आणि ओलीबद्दलचे सगळे ऐकून लिहिले. प्रश्न ओलीचा असेल, तर भेटी मे, जुलैअखेर आणि नोव्हेंबर अशा हव्यात, आणि प्रत्येक वेळी नकाशावर खूण केलेल्या त्याच जागी जमिनीपासून ओलीच्या रेषेची उंची मोजायला हवी. जुलैत सिमेंटच्या भिंतीवर रेषा साडेतीन फुटांवर होती आणि चुन्याच्या भिंतीवर दीड फुटावर. ती खूश झाली. मी मागच्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते विचारले, तर तिथे न्हाणीघर होते! ओल पावसाची की रोजच्या अंघोळीची? सुदैवाने सिमेंटचा गिलावा न्हाणीघरापुढे बारा फूट गेला होता. त्याच्या पार टोकाला मोजल्यावर रेषा पावणेतीन फुटांवर आली. फरक कमी झाला, पण टिकला. पहिला आकडा आणि त्यावरची शंका दोन्ही प्रकरणात ठेवायला मी सांगितले.

मर्यादांच्या परिच्छेदात "हे निष्कर्ष सर्व वाड्यांना लागू होतीलच असे नाही" एवढे लिहून भागत नाही. एका घरावरून किती वाड्यांत असे घडते, ते सांगता येत नाही. कोणत्या परिस्थितीत असे घडू शकते, ते सांगता येते. तिने शेवटी असे लिहिले: जांभ्याची भिंत, भरपूर पाऊस आणि नंतर चढवलेला सिमेंटचा गिलावा या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र असतील, उदाहरणार्थ खानापूरकडे, तिथे हे तपासून पाहण्यासारखे आहे, अथणीच्या कमी पावसाच्या, काळ्या मातीच्या भागातल्या माळवदी घरांबद्दल हा अभ्यास काहीही सांगत नाही.