कॅश बुक तपासताना मी काय शिकलो : दहा हजारांची लिमिट आणि मासेवाल्याची दोन व्हाउचर्स

आर्टिकलशिपला नवीन लागलेल्या मुलांसाठी लिहितोय, कारण पहिल्या ऑडिटला सर तुमच्या हातात कॅश बुक देतात आणि "फॉर्टी ए थ्री बघून घे" एवढंच सांगतात, आणि नेमकं काय बघायचं ते कोणी बसून सांगत नाही.

नियम आधी सरळ सांगतो. धंद्याच्या खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रक्कम रोखीत दिली तर नफा काढताना तो खर्च धरता येत नाही. अकाउंट पेयी चेक, अकाउंट पेयी ड्राफ्ट, एनईएफटी, आरटीजीएस, यूपीआय, कार्ड हे सगळं चालतं. बेअरर चेक चालत नाही, आणि नुसत्या दोन रेघा मारलेला क्रॉस चेक पण चालत नाही, त्यावर अकाउंट पेयी लिहिलेलं लागतं. आयकर कायदा १९६१ मधलं हे कलम ४०ए(३). १ एप्रिल २०२६ पासून नवीन कायदा आलाय त्यामुळे कलमाचा नंबर बदललाय, पण दहा हजारांची लिमिट तीच आहे.

आता माझी केस. गिरगावातले एक केटरर काका, लग्नं-मुंजी आणि ऑफिसच्या पार्ट्या करणारे, टर्नओव्हर दोन कोटी तीस लाख, आणि अर्धी पार्टी कॅशमध्येच पैसे देणार त्यामुळे गल्ल्यात कायम रोख. वर्ष २०२३-२४. मी टॅलीतून कॅश बुक एक्सेलला काढलं, १०,००० च्या वर फिल्टर लावला, दोन-तीन एंट्री निघाल्या, मला वाटलं झालं काम.

सरांनी फक्त एक प्रश्न विचारला, "एकाच माणसाला एकाच दिवशी दोनदा दिले असतील तर तुझ्या फिल्टरमध्ये दिसेल का?" नाहीच दिसणार. कलमात दिवसभरातली बेरीज धरायची आहे. २००८ च्या फायनान्स ॲक्टने हे "बेरीज" वालं मुद्दाम घातलं, कारण त्याआधी लोक एका पेमेंटचे तुकडे करून लिमिटखाली बसवायचे. मग तारीख ए कॉलममध्ये, पार्टी बी मध्ये, रोख रक्कम डी मध्ये ठेवून हा फॉर्म्युला शेवटच्या रिकाम्या कॉलममध्ये टाकला आणि खाली ओढला :

```
=SUMIFS($D:$D,$A:$A,A2,$B:$B,B2)
```

या कॉलमवर १०,००० च्या वर फिल्टर लावायचा. पण इथेही एक खड्डा आहे. काकांच्या टॅलीत पार्टीच्या कॉलममध्ये "मासे खरेदी" असं खर्चाचं नाव होतं, माणसाचं नाव नॅरेशनमध्ये लिहिलेलं, तेही कधी पूर्ण नाव कधी नुसतं "भाऊचा धक्का". म्हणजे फॉर्म्युला खर्चाची बेरीज करत होता, माणसाची नाही. दोन दिवस बसून मी नॅरेशन वाचून प्रत्येक ओळीला माणसाचं नाव लावलं. कंटाळवाणं काम आहे पण हेच खरं काम आहे, याच्याशिवाय जे उत्तर येतं ते खोटं येतं.

नावं लावल्यावर मे महिन्यातला एक दिवस वर आला. सुरमईचे ९,५०० आणि ८,९००, दोन्ही एकाच व्यापाऱ्याला. व्हाउचर फाईल काढली तर दोन्ही व्हाउचर एकामागोमाग नंबरची, एकाच पेनाने लिहिलेली, आणि मागे पिन केलेलं बिल एकच, १८,४०० चं. काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे बाळा, सकाळी अर्धे दिले आणि माल उतरल्यावर अर्धे, त्यात काय लपवायचंय!" लपवलेलं काही नव्हतंच, खर्च शंभर टक्के खरा होता, पण कलमाला खर्च खरा की खोटा याच्याशी घेणं नाही, पैसे कसे दिले एवढंच ते बघतं. आणि इथे नवीन मुलं हमखास चुकतात : दहा हजारांच्या वरचे ८,४०० नाही, अख्खे १८,४०० बाद होतात. बरोबर १०,००० दिले असतील तर मात्र काही होत नाही, लिमिटच्या "वर" गेलं तरच.

मग काकांनी विचारलं, "मासे तर माफ आहेत ना?" अर्धं बरोबर. नियम ६डीडी मध्ये सुटी आहेत, त्यात शेतमाल, दूध, कोंबड्या, मासे यांची रोख खरेदी येते, पण पिकवणाऱ्याकडून किंवा धरणाऱ्याकडून घेतली तरच. मासेमाराला दिले तर सूट. समुद्रावरच मच्छीमारांचा माल वेगळा करून विकणारा त्यांचा म्होरक्या असेल तर त्यालाही, तसं सीबीडीटीच्या सर्क्युलरमध्ये आहे. नुसता व्यापारी किंवा दलाल असेल तर नाही. आमच्या बिलावर "फिश मर्चंट" छापलेलं होतं आणि काका स्वतःच म्हणाले की त्याची होडी-बिडी काही नाही, लिलावात घेऊन विकतो. तिथे विषय संपला. म्हणून मासे, भाजी, अंडी यांच्या एंट्रीला विकणारा नक्की कोण आहे ते विचारून वर्किंग पेपरमध्ये लिहून ठेवा, नुसता माल कुठला यावर सूट ठरत नाही. टेम्पोवाल्याचं वेगळं आहे, मालवाहू गाडीच्या भाड्याला लिमिट ३५,००० आहे, त्यामुळे एका दिवशी दिलेले २८,००० चालून गेले.

दुसरी गोष्ट सगळ्यात जास्त सुटते, कारण ती या वर्षीच्या खर्चात दिसतच नाही. मार्च २०२३ मध्ये मंडपवाल्याचं ३६,००० चं बिल आलं, मर्कंटाइल पद्धतीने ते २०२२-२३ लाच खर्चात गेलं आणि बाकी उभी राहिली. एप्रिलमध्ये काकांनी एका दिवशी २४,००० आणि आठवड्याने १२,००० रोख दिले. या वर्षाच्या प्रॉफिट अँड लॉसमध्ये मंडप खर्चाचा पत्ताच नाही, मग बाद काय करणार? तर ४०ए(३ए) म्हणतं की खर्च आधीच्या वर्षी मिळालाय ना, मग पैसे ज्या वर्षी रोख दिले त्या वर्षाचं ते उत्पन्न धरा. दोन्ही पेमेंट दहा हजारांच्या वर, म्हणून ३६,००० पूर्ण. तेच दहा-दहा-दहा-सहा असे चार वेगळ्या दिवशी दिले असते तर एक रुपया पण आला नसता, कारण मोजमाप बिलाचं नाही, एका दिवसात एका माणसाला दिलेल्या पैशाचं आहे. हे सापडायला क्रेडिटर्सची ओपनिंग लिस्ट घ्यायची आणि एप्रिल ते जूनची रोख पेमेंट त्याला लावून बघायची.

हिशोब असा बसला : बुक्सप्रमाणे नफा १४,६०,०००, त्यात मासे १८,४०० आणि मंडप ३६,०००, झाले १५,१४,४००. जुनी रिजीम, ३० टक्के स्लॅब, म्हणजे ५४,४०० वर १६,३२० टॅक्स आणि ४ टक्के सेस धरून साधारण १६,९७३. फॉर्म ३सीडी मध्ये हे क्लॉज २१(डी) ला जातं, मासे पहिल्या भागात आणि मंडप दुसऱ्या भागात, एकत्र टाकू नका.

आकडा ऐकून काका बराच वेळ गप्प बसले, मला खरंच वाईट वाटलं, कारण खर्च खरा होता. मग त्यांनी मुलाला बोलावलं आणि म्हणाले, मासेवाल्याचा यूपीआय नंबर घे. व्हाउचर बुकमध्ये मी त्यांना एक जादा रकाना आखून दिला, "आज याला आधी किती दिले", आणि रोख काढून देणारा मुलगा तो भरल्याशिवाय पैसे देत नाही.