पोलादाची रूपांतरं: पाठांतर सुटलं ते एका प्रश्नाने

पोलाद थंड होताना त्यात बनणाऱ्या पर्लाइट, बेनाइट, मार्टेन्साइट या रचनांची नावं आणि त्यांची तापमानं आमच्या अभ्यासगटात सगळ्यांना पाठ होती, पण परीक्षेत कोणत्या तापमानाला बदल व्हायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आलेख जरा बदलला की गोंधळ व्हायचा. शेवटी एक मैत्रीण म्हणाली, "नावं सोड. कार्बन कुठे जातोय ते सांग."

मग आम्ही ०.८ टक्के कार्बनचं पोलाद घेतलं. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर ऑस्टेनाइट या लोखंडाच्या गरम रूपात हा सगळा कार्बन विरघळलेला असतो. त्याखाली लोखंडाचं फेराइट हे रूप होतं, त्यात जेमतेम ०.०२ टक्के मावतो. उरलेला बाहेर पडून सिमेंटाइट हे लोखंड-कार्बनचं संयुग बनवतो, आणि त्यात तो ६.७ टक्के असतो. म्हणून दोन्हींचे पातळ थर शेजारी शेजारी वाढतात. हेच पर्लाइट.

"मग ५५० अंशांच्या आसपासच बदलाची सगळ्यात घाई का?" मी विचारलं.

"७०० ला कार्बन भराभर सरकतो, पण बदलायची ओढच कमी. ३०० ला ओढ जबरदस्त, पण कार्बनला हलवत नाही. मधे दोन्ही पुरेसं."

आलेखात बदल सगळ्यात लवकर सुरू होतो ते पुढे आलेलं टोक, म्हणजे नाक, मला तेव्हा कळलं. थर बारीक का होतात तेही त्यातच आलं: तापमान उतरलं की कार्बन लांब जाऊ शकत नाही. आणखी खाली बेनाइट, तिथे कार्बाइडचे कण अगदी जवळच सुटतात. पाण्यात विझवलं तर नाक चुकतं, कार्बन अडकतो, लोखंडाच्या अणूंची जाळी ताणली जाते आणि कठीण, ठिसूळ मार्टेन्साइट मिळतं. जाड तुकड्याचा गाभा मात्र सावकाश थंड होतो, म्हणून तिथे पर्लाइटच सापडतं.