स्टिरॉइड बदलताना या चुका टाळा: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन आणि हायड्रोकॉर्टिसोन

हायड्रोकॉर्टिसोन २० मिलिग्रॅम, प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम आणि डेक्सामेथासोन ०.७५ मिलिग्रॅम साधारण समान, हा तक्ता बहुतेक डॉक्टरांना तोंडपाठ असतो. चूक होते ती तो वापरताना. हे आकडे फक्त सूज आणि दाह कमी करण्याच्या ताकदीचे आहेत. परिणाम किती वेळ टिकतो आणि औषध शरीरात मीठ किती धरून ठेवते, हे त्यातून कळत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मिलिग्रॅमच्या आकड्यावर विश्वास ठेवणे. गुडघेदुखीसाठी कुणीतरी दिलेली डेक्सामेथासोनची ०.५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेणारा रुग्ण घ्या. हे औषध चार-पाच महिने चालू आहे. आकडा अर्ध्याचा असल्यामुळे डोस हलका वाटतो. हिशेब मात्र असा: दिवसाला १.५ मिलिग्रॅम, भागिले ०.७५ म्हणजे २, गुणिले ५ म्हणजे प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम. इतका डोस इतके महिने घेतल्यावर ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे जवळजवळ थांबवते. गोळी एकदम बंद केली, तर गळून जाणे, मळमळ, अंगदुखी सुरू होते, रक्तदाब पडतो. ताप किंवा ऑपरेशनच्या वेळी हेच जिवावर बेतू शकते.

या रुग्णाला आधी प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमवर, सकाळी एकदाच, आणायचे आणि तिथून काही आठवड्यांत उतरवत न्यायचे. थेट डेक्सामेथासोनच का उतरवू नये? कारण त्याचा परिणाम ३६ ते ७२ तास टिकतो. रोज घेतल्यावर पिट्युटरीला मोकळी रात्र मिळतच नाही, आणि ग्रंथी जागी व्हायला तीच तर हवी असते. प्रेडनिसोलोनचा परिणाम १२ ते ३६ तासांचा, हायड्रोकॉर्टिसोनचा ८ ते १२ तासांचा. शिवाय ग्रंथी दाबण्यात डेक्सामेथासोन तक्त्यातल्या आकड्यापेक्षाही वरचढ ठरते. म्हणून वरचे १० मिलिग्रॅम ही सुरुवात समजावी. पहिल्या आठवड्यात रुग्णाला तपासून डोस ठरवावा लागतो.

वेळेचा हिशेब उलट दिशेनेही चुकतो. कोविडमध्ये डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दिवसातून एकदा दिले जायचे. त्याच्या बरोबरीचे हायड्रोकॉर्टिसोन १६० मिलिग्रॅम येते, पण ते एकाच वेळी देऊन चालत नाही. ८० मिलिग्रॅम दोनदा किंवा ५० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, असे वाटून द्यावे लागते. एकूण डोस बरोबर असूनही मधले तास कोरडे गेले, तर ‘औषध लागू पडत नाही’ असा गैरसमज होतो.

मिठाच्या बाबतीतली चूक सहज लक्षात येत नाही. हायड्रोकॉर्टिसोन सोडियम धरून ठेवते, प्रेडनिसोलोन बरेच कमी, डेक्सामेथासोन जवळजवळ अजिबात नाही. वरच्या गुडघेदुखीच्या रुग्णाला याने फारसा फरक पडत नाही, कारण त्याचे अल्डोस्टेरॉन शाबूत असते. ॲडिसन्सच्या रुग्णाकडे मात्र तेच नसते. तो हायड्रोकॉर्टिसोन २० मिलिग्रॅम आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन १०० मायक्रोग्रॅमवर स्थिर आहे असे समजा. दुकानात हायड्रोकॉर्टिसोन मिळेना, म्हणून कुणी ‘एकच स्टिरॉइड पुरे’ म्हणत दोन्हींच्या जागी डेक्सामेथासोन ०.७५ मिलिग्रॅम दिले. तक्त्याप्रमाणे हिशेब बरोबर आहे, पण काही दिवसांत उभे राहताना चक्कर येऊ लागते, सारखे खारट खावेसे वाटते, सोडियम उतरते आणि पोटॅशियम चढते. तपासणीचा हा जोड दिसला की आधी फ्लुड्रोकॉर्टिसोन चालू आहे का ते विचारावे. चालू असले तरी ते पुरेलच असे नाही. हायड्रोकॉर्टिसोन २० मिलिग्रॅम मिठापुरते सुमारे ५० मायक्रोग्रॅम फ्लुड्रोकॉर्टिसोनचे काम करते, आणि बदलात तेवढा आधार निघून जातो. अशा रुग्णाला पर्याय हवाच असेल तर प्रेडनिसोलोन ३ ते ५ मिलिग्रॅम, फ्लुड्रोकॉर्टिसोन चालूच, आणि रक्तदाब उभ्यानेही मोजायचा.

याच गुणाची दुसरी बाजू अतिदक्षता विभागात दिसते. हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २०० मिलिग्रॅम चालले की पायांना सूज येते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम घसरते. त्या डोसवर असेपर्यंत वेगळे फ्लुड्रोकॉर्टिसोन लागत नाही. मात्र डोस दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या खाली आला की ॲडिसन्सच्या रुग्णाला ते पुन्हा सुरू करायचे असते. डिस्चार्जच्या कागदावरून नेमकी हीच ओळ गळते.

आपल्याकडे क्षयरोग असल्यामुळे आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी: रुग्ण रिफॅम्पिसिन घेतो का? ते यकृतात ही तिन्ही औषधे लवकर मोडून टाकते. त्यामुळे हिशेबाने अचूक आलेला डोसही तोकडा पडतो. रिफॅम्पिसिन थांबल्यावर पुढच्या दोनेक आठवड्यांत हा परिणाम ओसरतो आणि वाढवलेला तोच डोस जास्त होऊ लागतो. त्या काळात रक्तातली साखर आणि रक्तदाब पाहत डोस खाली आणावा लागतो.