बारा नसांचं वाक्य: क्रम आणि नावं न मोडता ते कसं बांधलं

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांना ॲनाटॉमीच्या हँडआउटमध्ये क्रॅनियल नर्व्हची यादी लवकरच भेटते. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा, त्याही क्रमांकासकट. व्हायवाला नाव विचारतात तसा नंबरही विचारतात, म्हणून पाठ करायचं वाक्य दोन्ही सांभाळणारं हवं.

यादी अशी: ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर, ट्रॉक्लिअर, ट्रायजेमिनल, ॲबड्यूसन्स, फेशियल, व्हेस्टिब्युलोकॉक्लिअर, ग्लॉसोफॅरिंजियल, व्हेगस, ॲक्सेसरी, हायपोग्लॉसल. हा क्रम मनाला येईल तसा लावलेला नाही. नसा मेंदूला जिथे जोडलेल्या असतात, ती ठिकाणं पुढून मागे मोजत गेलं की हाच क्रम येतो. बारांची ही मोजणी झ्योमरिंग या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने 1778 मध्ये मांडली. म्हणून वाक्य गोड व्हावं यासाठी दोन शब्दांची अदलाबदल केली, तर नसांच्या जागाच बदलतात.

सिनियर देतात ती इंग्रजी वाक्यं मी पहिल्या अक्षरांवर तपासली, आणि बाजूला ठेवली. पहिल्या तिन्ही नसांचं पहिलं अक्षर एकच, पुढच्या दोघींचंही एकच. वाक्य पाठ असूनही ऑप्टिक दुसरी की तिसरी हे कळत नाही. शिवाय जुन्या वाक्यांत आठवी नस ‘ऑडिटरी’ आणि अकरावी ‘स्पायनल ॲक्सेसरी’ धरलेली असते. हँडआउटमध्ये ‘व्हेस्टिब्युलोकॉक्लिअर’ आणि ‘ॲक्सेसरी’ छापलं असेल, तर त्या वाक्याची अक्षरं यादीला लागतच नाहीत.

म्हणून मी पहिलं अक्षर सोडून पहिल्या दोन व्यंजनांचा आवाज धरला आणि आपल्याकडचं लग्नाचं वऱ्हाड डोळ्यांपुढे आणलं:

आले आप्पा, आक्का ट्रॉलीत. तिन्ही आबा फेकती वस्तू गल्लीत, वेगात अक्षता हायवेवर.

शब्द बारा, नसा बारा. ‘आले’मधला ल ऑल्फॅक्टरीचा, ‘आप्पा’मधला प ऑप्टिकचा, ‘आक्का’मधला क ऑक्युलोमोटरचा. ट्रॉली म्हणजे ट्रॉक्लिअर. ‘तिन्ही’ हा शब्द आवाजापेक्षा अर्थावर चालतो, कारण ट्रायजेमिनलच्या मुख्य शाखा तीनच आहेत. ‘आबा’तला ब ॲबड्यूसन्सचा, काही पुस्तकांत ती ‘ॲबड्यूसंट’ असते, तरी ब तोच राहतो. पुढे फे, मग व-स, ग-ल, व-ग. दोन्ही ‘व’ इथेच वेगळे होतात: ‘वस्तू’ म्हणजे व्हेस्टिब्युलो, ‘वेगात’ म्हणजे व्हेगस. ‘अक्षता’तला क्ष ॲक्सेसरीतल्या ‘क्से’साठी, आणि ‘हाय’ तर हायपोग्लॉसलमध्ये जसाच्या तसा आहे.

एक जागा सांभाळायची. मराठी शब्दांत ऑ आणि ॲ दोन्ही आ-अ होतात, म्हणून या सुरुवातीचे पाच शब्द सारखे वाटू शकतात. ट्रॉलीच्या आधीचे तिघे ऑ, ट्रॉलीनंतरचे दोघे ॲ, एवढं लक्षात ठेवलं की घोळ होत नाही.

वाक्य बिघडतं ते बोलताना. ‘आप्पा आले’ ही आपली रोजची रचना, त्यामुळे जीभ आपोआप तिकडे वळते आणि ऑप्टिक पहिली होऊन बसते. वर्गातल्या एकाने ते अहिराणीत आणखी रंगवलं आणि सुरुवात ‘उनात आप्पा’ अशी केली. ऐकायला झकास, पण ‘आले’चं ‘उनात’ झाल्याबरोबर ल गेला आणि ऑल्फॅक्टरीसाठी काही खूणच उरली नाही. अहिराणी जरूर वापरा, पण शब्द बदलल्यावर त्याची पहिली दोन व्यंजनं हँडआउटच्या शब्दाला लागतात का, ते बोट ठेवून पाहा.

तपासायची रीत सोपी आहे. हँडआउट झाकून कागदावर एक ते बारा आकडे उभे लिहा. शेजारी वाक्याचा शब्द आणि त्यापुढे इंग्रजी नाव पूर्ण स्पेलिंगसह लिहा. मग मधलाच आकडा विचारून घ्या: सहावी कोणती? ‘आबा, ॲबड्यूसन्स’ असं उत्तर पहिल्यापासून न मोजता आलं पाहिजे. नाव आठवलं पण स्पेलिंग अडलं, तर दोष वाक्याचा नाही. ते नाव वेगळं दहादा लिहावंच लागतं, आणि व्हेस्टिब्युलोकॉक्लिअरला ते बहुतेकांना करावं लागतं.

या वाक्यात नसेचं काम कोंबू नका. कोणती संवेदना नेते, कोणती स्नायू हलवते, यासाठी त्याच कागदावर तिसरा रकाना करा. ट्रॉक्लिअर आणि ॲबड्यूसन्स दोन्ही डोळ्याचा एकेक स्नायू हलवतात. पहिली सुपिरिअर ऑब्लिक आणि दुसरी लॅटरल रेक्टस, हे ट्रॉली आणि आबा कधीच सांगणार नाहीत.